आधी ९३.८, नंतर ९३.१ : एका रात्रीची मोजणी वाया कशी गेली

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये डेसिबल मोजणारं ॲप असणार. मिरवणुकीत, लग्नाच्या हॉलमध्ये, नाहीतर शेजाऱ्याचं ड्रिल सुरू झालं की आपण ते उघडतो, आकडा बघतो आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला होता, "दादा, ॲपचा आकडा आणि तुमच्या मीटरचा आकडा यात फरक काय? दोन्हीकडे माइकच आहे ना?"

प्रश्न चांगला आहे. हो, दोन्हीकडे माइकच आहे. पण माझ्या मीटरसोबत एक छोटी डबी असते आणि एक वही असते. फरक त्या दोघांमुळे पडतो. आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे, आणि त्या डबीने माझी आख्खी रात्र कशी पाण्यात घालवली तेही सांगणार आहे.

डबीत आहे काय?

या डबीला म्हणतात अकूस्टिक कॅलिब्रेटर. मुठीत मावते, सेलवर चालते. एका बाजूला गोल भोक आणि भोकाच्या आत रबराची रिंग. मीटरचा माइक त्या भोकात बसवायचा, बटण दाबायचं, आत एक बारीक सलग शिट्टी वाजते. शिट्टी १००० हर्ट्झची आणि तिची पातळी ९४ डेसिबल. बस्स, या डबीला एवढंच येतं. पण जे येतं ते ती फार इमानाने करते. आतमध्ये छोटा स्पीकर असतो, आणि चांगल्या डबीत त्या स्पीकरवर नजर ठेवणारा आणखी एक माइक असतो. आवाज जरा इकडेतिकडे झाला की तो लगेच सावरला जातो.

आता ९४ च का? ९० किंवा १०० का नाही? तर ९४ डेसिबल म्हणजे हवेच्या दाबातला एक पास्कलचा चढउतार. डेसिबलचा शून्य २० मायक्रोपास्कलवर धरतात, एक पास्कल त्याच्या ५० हजार पट, आणि या पटीचं डेसिबलमध्ये रूपांतर केलं की ९३.९८ येतात. म्हणजे ९४ हा दाबाच्या एककाला थेट बांधलेला आकडा आहे. आणि १००० हर्ट्झ का? मीटरवर ए-वेटिंग, सी-वेटिंग अशा वेगवेगळ्या गाळण्या असतात. माणसाच्या कानासारखं ऐकण्यासाठी ए-वेटिंग खर्जाचे आवाज कमी धरते. पण १००० हर्ट्झवर या सगळ्या गाळण्यांचा परिणाम शून्य असतो. त्यामुळे मीटर कुठल्याही वेटिंगवर असला तरी डबी लावल्यावर आकडा तोच यायला हवा.

आता एक गंमत. माझ्या मीटरवर डबी लावली की मला ९४.० दिसायला नको असतं, ९३.८ दिसायला हवं असतं. पहिल्यांदा मीही गोंधळलो होतो. झालंय असं की माझा माइक मोकळ्या हवेत, समोरून येणारा आवाज ऐकण्यासाठी बनवलाय. डबीच्या बंद पोकळीत तो किंचित वेगळा वागतो. तो फरक मीटर बनवणाऱ्याने माहितीपुस्तिकेत लिहून ठेवलेला असतो, माझ्या जोडीसाठी तो ०.२ आहे. म्हणजे आपल्या माइकला आणि आपल्या डबीला कुठला आकडा लागू आहे, तो पुस्तिकेतून शोधून मीटरच्या पेटीवर चिकटवून ठेवायचा. नाहीतर कुणीतरी हौशी माणूस "अरे, हा ९४ दाखवत नाहीये" म्हणून मीटर "नीट" करून टाकतो, आणि त्या दिवसापासूनचे सगळे आकडे ०.२ ने जास्त येतात.

आणि हो, फोनचं काय? या डबीचं भोक साधारणपणे अर्ध्या इंचाच्या गोल माइकसाठी असतं, बारीक माइकसाठी सोबत रिंग मिळते. फोनचा माइक म्हणजे कडेला एक टाचणीएवढं छिद्र. ते डबीत हवाबंद बसवणार कसं? ॲप कितीही छान असू दे, फोनचा स्वतःचा माइक असा तपासता येत नाही. बाहेरून लावायचा गोल माइक घेतलात तर मात्र तपासता येतो.

ती रात्र

आता गोष्टीकडे येतो. मुंबईजवळचं एक शहर, ऑक्टोबरचा महिना. दिवसा ऊन, रात्री नुसती चिकचिक. एका सोसायटीच्या शेजारी मोठी इमारत, आणि तिच्या गच्चीवर एसीची यंत्रणा, मोठमोठे पंखे, रात्रभर सुरू. सोसायटीने तक्रार केली होती. आमच्या लॅबला रात्रीची पातळी मोजायचं काम मिळालं. मी तेव्हा नवीन होतो, मीटर एकट्याने घेऊन जायची ती पहिलीच वेळ.

तो भाग नियमांनुसार व्यापारी क्षेत्रात येत होता. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी क्षेत्राला रात्रीची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेतली सरासरी पातळी काढायची. मीटरच्या स्क्रीनवर ती LAeq नावाने दिसते.

मी साडेनऊला पोचलो. गाडीत एसी लावून बसलो, मीटर काढला, डबी लावली, आकडा आला ९३.८. झकास! वहीत लिहिला. मग माइकवर स्पंजाचा गोळा चढवला, मीटर घेऊन चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत गेलो, स्टँडवर लावला आणि दहाला मोजणी सुरू केली. तिथल्या काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाळा, हे लोक म्हणतात आवाज मर्यादेतच आहे. तू नीट मोज हं." मी म्हटलं, "काकू, मीटर खोटं बोलत नाही."

सकाळी सहाला मोजणी थांबवली. सरासरी आली ५४.६, मर्यादेच्या ०.४ खाली. काकूंना काय सांगायचं या विचारात मी शेवटची तपासणी म्हणून डबी लावली. ९३.१.

काढली, पुन्हा बसवली. ९३.१. रिंग पुसली, सावकाश सरळ आत सरकवली, दहा सेकंद थांबलो. ९३.२. म्हणजे मीटर आता सात दशांश कमी ऐकत होता. दाबाच्या हिशोबाने आठेक टक्के.

आता बघा, माझ्यासमोर तीन वाटा होत्या, आणि तिन्ही मोहाच्या होत्या.

पहिली वाट, मीटरवरचं कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं. मीटर आपोआप स्वतःला ९३.८ वर आणतो, वहीत लिहायचं "आधी ९३.८, नंतर ९३.८", कुणाला कळणारही नाही. ही सरळ सरळ लबाडी झाली. पण खरं सांगू, बरेच लोक हे लबाडी म्हणून करत नाहीत, सवयीने करतात. सुरुवातीला बटण दाबलं म्हणून शेवटीही दाबतात, आणि रात्रभरात मीटर किती सरकला याचा एकमेव पुरावा त्याच बटणाने पुसला जातो. म्हणून शेवटच्या तपासणीत मीटरला काहीही करायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं.

दुसरी वाट, मीटर ०.७ कमी दाखवतोय ना, मग ०.७ मिळवून टाकू. ५४.६ अधिक ०.७ म्हणजे ५५.३. मर्यादा ओलांडली! काकू जिंकल्या! पण मीटर कधी बिघडला? दहा वाजून पाच मिनिटांनी बिघडला असेल तर ५५.३ जवळपास बरोबर. पहाटे साडेपाचला बिघडला असेल तर ५४.६ च बरोबर. एक आकडा मर्यादेच्या वर, एक खाली, आणि माझ्याकडे दोनच ठिपके, रात्रीच्या आधीचा आणि नंतरचा. मधल्या आठ तासांत रेषा कशी गेली ते मला माहीत नाही. दर पंधरा मिनिटांचे आकडे होते, त्यात शोधून पाहिलं. पण तो आवाज मुळातच दोन-तीन डेसिबलने वरखाली होत होता, त्यात सात दशांशाची पायरी कशी सापडणार?

तिसरी वाट, गप्प बसून ५४.६ द्यायचे.

मी सरांना फोन केला. ते झोपेतून उठले होते. सगळं ऐकलं आणि विचारलं, "मधे एकदा तरी चेक केलास का?" म्हटलं, "नाही सर." ते म्हणाले, "मग रात्र गेली. परत कर."

हा त्यांचा हट्ट नव्हता. परिसरातला आवाज मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १९९६ मध्ये, ही रेघ आखलेली आहे. लागोपाठच्या दोन तपासण्यांत मीटरला हात न लावता ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला, तर शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरची सगळी मोजणी टाकून द्यायची. "शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरची" हे शब्द लक्षात ठेवा. माझी शेवटची चांगली तपासणी रात्री पावणेदहाची. म्हणजे आठही तास कचऱ्यात. रात्री दोनला एकदा डबी लावली असती आणि ९३.८ आले असते, तर निदान अर्धी रात्र वाचली असती.

चूक मीटरची की डबीची?

लॅबमध्ये आल्यावर सरांनी आधी हेच विचारलं. डबी ९४ म्हणते आणि मीटर कमी सांगतो, तर दोघांत खोटं कोण? ओळखायला तिसरा साक्षीदार लागतो. आम्ही दुसरी डबी माझ्या मीटरला लावली, मीटर पुन्हा कमीच. माझी डबी दुसऱ्या मीटरला लावली, तो बरोबर बोलला. म्हणजे डबी निर्दोष, गडबड माझ्या मीटरकडे.

मग माइक काढून कोरड्या पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवला. दुसऱ्या दिवशी लावून बघितला तर ९३.८! माइक परत शहाणा झाला होता.

सरांनी विचारलं, "सुरुवातीचं चेक कुठे केलंस?"

"गाडीत."

"एसी होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा माइक म्हणजे एक पातळ धातूचा पडदा आणि त्याच्यामागे एक पत्रा, दोघांत फट साधारण २० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या फटीतल्या विद्युतभारावर सगळा खेळ चालतो. गार गाडीतून असा माइक दमट हवेत काढला की काय होणार? फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर जे होतं तेच. ओल बसते. मग माइक कधी तडतड करतो, कधी त्याचा कान थोडा मंद होतो. आणि वर स्पंजाचा गोळा, त्यामुळे सुकायलाही वेळ. माझं प्रकरण असंच झालं असावं. वाळवल्यावर माइक ठीक झाला, यावरून आम्ही तो निष्कर्ष काढला.

म्हणजे सुरुवातीची तपासणी मी केली होती, पण भलत्या जागी केली होती. मी गाडीतल्या गार, कोरड्या माइकची तपासणी केली, आणि मोजणी केली गच्चीवरच्या ओल्या माइकने.

दुसरी रात्र

पुढच्या आठवड्यात परत गेलो. या वेळी काय केलं ते क्रमाने सांगतो, तुम्हाला कधी करावं लागलं तर उपयोगी पडेल.

एसी बंद ठेवून गेलो. नऊलाच गच्चीवर पेटी उघडून ठेवली, मीटर आणि डबी दोन्ही अर्धा तास तिथल्या हवेला सरावू दिले. मग स्पंज काढला. डबी सावकाश, सरळ, पूर्ण टेकेपर्यंत बसवली. घाईने दाबली तर कोंडलेली हवा पडद्यावर आदळते, आणि वाकडी बसली तर रिंगमधून हवा निसटते. हवा निसटत असली की ते ओळखू येतं, आकडा कमी येतो आणि एका जागी ठरत नाही, डबी हलवली की बदलतो. आकडा स्थिर व्हायला दहा-पंधरा सेकंद दिले. ९३.८. डबी काढून पुन्हा बसवली, पुन्हा ९३.८. दोन वेळच्या बसवण्यात ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर मी आधी रिंग बघतो, मीटरला हात लावत नाही.

आणि सुरुवातीला आकडा थोडा हललेला असेल तर? तेव्हा मीटर जुळवायला हरकत नाही. पण आधी, जुळवण्यापूर्वी दिसलेला आकडा वहीत लिहायचा. मागच्या कामाशी तुलना त्याच आकड्याने होते. मीटर दर वेळी एकाच दिशेने दशांश-दशांश सरकत असेल, तर माइक आजारी पडतोय हे वहीच सांगते.

दहाला मोजणी सुरू केली. रात्री दोनला मधली तपासणी. इथे एक खड्डा आहे, नीट ऐका. डबी लावण्याआधी मोजणी थांबवायची. विसरलात तर डबीची शिट्टीही सरासरीत जाते. एकच मिनिट शिट्टी वाजली असं धरा. आठ तासांत ४८० मिनिटं. ९४ डेसिबलचं एक मिनिट ४८० मिनिटांवर पसरलं तरी त्याची सरासरी ६७ भरते! म्हणजे बाकीची रात्र ५५ ची असली तरी तुमचा निकाल ६७ च्या वर जाणार. डेसिबलमध्ये मोठा आवाज छोट्यांना असा गिळून टाकतो. म्हणून थांबवा, तपासा, स्पंज परत चढवा, सुरू करा, आणि दोन्ही वेळा वहीत लिहा. तेव्हाही ९३.८ आले.

सकाळी सहाला मोजणी थांबवून शेवटची तपासणी. ९३.७. एका दशांशाचा फरक, रेघेच्या कितीतरी आत. सरासरी आली ५६.१.

आता पहिल्या रात्रीचे ५४.६ चुकीचे होते का? मी तसं म्हणणार नाही. रात्र वेगळी होती, पंखे कदाचित जास्त चालले असतील. पहिल्या रात्रीबद्दल मी एवढंच म्हणू शकतो की त्या आकड्याच्या मागे उभं राहायला माझ्याकडे काही नव्हतं. दुसऱ्या रात्रीच्या आकड्यामागे तीन तपासण्या होत्या. पुढे बैठकीत समोरच्या इमारतीचा इंजिनिअर अहवाल हातात घेऊन पहिलं काय म्हणाला असेल? "कॅलिब्रेशनची रीडिंग दाखवा." मी वही उघडून समोर ठेवली, त्याने तिन्ही आकडे वाचले, मीटरचा आणि डबीचा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळवला आणि मग पंख्यांवर चर्चा सुरू झाली. पहिल्या रात्रीची वही असती, तर चर्चा माझ्या मीटरवरच संपली असती.

डबीला काय कळत नाही

जाता जाता एक गोष्ट. डबीने होकार दिला म्हणजे मीटर सगळीकडे बरोबर, असं नाही. तिने एकच सूर, एकाच पातळीला वाजवला. १००० हर्ट्झवर माइक ठीक आहे एवढंच कळलं. माइक एकदा आपटला असेल आणि ८००० हर्ट्झवर बहिरा झाला असेल, तर डबीला पत्ता लागत नाही. ३० डेसिबलची कुजबुज मीटर नीट मोजतो का, तेही कळत नाही. त्यासाठी मीटर लॅबमध्ये पाठवावा लागतो, साधारण दोन वर्षांतून एकदा, आणि डबी वर्षातून एकदा. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅब हे काम करतात. डबीलाही तपासावंच लागतं, कारण ती ९३.५ वाजवत असेल आणि आपण मीटर तिच्याशी जुळवत बसलो, तर दोघं मिळून आपल्याला फसवतील, आणि आधी-नंतरचे आकडे मात्र छान जुळतील.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, ॲपच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात फरक हा आहे. तुझा आकडा एकटा आहे. माझ्या आकड्याच्या आधी एक तपासणी आहे, नंतर एक आहे, आणि नंतरची बिनसली तर तो आकडा खोडायची माझी तयारी आहे.

काकूंना मी म्हटलं होतं की मीटर खोटं बोलत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काय रे, या वेळी तरी खरं बोलतोय का?" मी म्हटलं, "काकू, सकाळी सहाला सांगतो."

चला, आजच्यापुरतं इतकंच. मीटर, माइक, डबीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. तोपर्यंत, भेटूच!